टाईप वन एरर, टाईप टू एरर आणि टेस्टची पॉवर

टाईप वन एरर म्हणजे काहीच बिघडलेलं नसताना टेस्टने केलेली खोटी ओरड, टाईप टू एरर म्हणजे खरंच बिघडलेलं असताना टेस्टला ते न दिसणं, आणि पॉवर म्हणजे बिघाड असताना तो पकडला जाण्याची शक्यता. ही नावं नेमन आणि इगॉन पिअरसन यांच्या कामातून आली. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात, गोची होते ती मोबाईलवर गणिताचा फोटो येतो तेव्हा.

समजा फोटोत असा प्रश्न आहे: दुधाच्या पिशवीत सरासरी ५०० मिली असायला हवं, शंका आहे की कमी भरतंय, सिग्मा, म्हणजे पिशव्यांच्या मापातलं प्रमाण विचलन, ६ मिली, ३६ पिशव्या तपासल्या, लेव्हल ०.०५, सरासरी आली ४९८.६. इथे टाईप वनची शक्यता काढायचीच नसते, ती लेव्हल म्हणून दिलेलीच आहे, ५ टक्के. मग बरेच जण ०.९५ लिहून तीच पॉवर समजतात, आणि ते साफ चूक आहे, कारण ०.९५ म्हणजे भरणा बरोबर असताना टेस्ट गप्प बसण्याची शक्यता, पॉवर मोजायची ती भरणा कमी असताना.

आता हिशोब. स्टँडर्ड एरर ६ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे १ मिली, आणि ०.०५ लेव्हलला टेबलमधला आकडा १.६४५, त्यामुळे सीमारेषा ५०० − १.६४५ × १ = ४९८.३५५ आणि सरासरी याच्या खाली गेली तरच 'कमी भरतंय' म्हणायचं. आपली ४९८.६ वरच राहिली, म्हणजे 'भरणा बरोबर आहे' हे शून्य गृहीतक नाकारलं नाही, मग आता झालीच असेल तर टाईप टूचीच चूक, टाईप वनचा प्रश्नच उरत नाही कारण आपण ओरडलोच नाही. (परीक्षेत 'इथे कोणती चूक संभवते' विचारतात ते एवढंच असतं.)

पॉवर मात्र या फोटोवरून निघत नाही, खरी सरासरी किती धरायची ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ती ओळ नेमकी फोटोच्या खाली कापली गेलेली असते, म्हणून आधी पूर्ण पान मागवा. ती ४९८ असेल तर ४९८.३५५ च्या खाली येण्याची शक्यता साधारण ०.६४, हीच पॉवर, आणि उरलेले ०.३६ म्हणजे टाईप टू. ४९७ धरली तर पॉवर ०.९१ वर जाते, कारण मोठी तूट लपत नाही.

फोटोत ०.०५ आहे की ०.०१ हे झूम करून बघाच. ०.०१ असेल तर सीमारेषा ४९७.६७ वर सरकते, खोटी ओरड कमी होते पण ४९८ साठी पॉवर ०.३७ वर घसरते. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर पिशव्या वाढवायच्या: १४४ घेतल्या तर ०.०५ लाच ४९८ साठी पॉवर ०.९९ होते.