फेस यीस्टचा नाही, ऑक्सिजनचा

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिन आला की पुण्यातल्या शाळांमध्ये हा प्रयोग हटकून मांडला जातो. अरुंद गळ्याच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात भांडी घासायचा लिक्विड साबण, वरून कोमट पाण्यात कालवलेलं यीस्ट. क्षणात फेस टेबलावर ओघळतो. यीस्टने पावासारखा कार्बन डायऑक्साइड सोडला, असं मुलं सांगतात आणि अनेकदा ते तसंच चालवून घेतलं जातं. फेसात धुमसती उदबत्ती धरा, ती झळकन उजळते. बुडबुड्यांत ऑक्सिजन असतो.

पेरॉक्साइड १८१८ साली पॅरिसमध्ये सापडलं. मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या पुडीने ते उसळतं आणि पूड तशीच राहते, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द १८३५ च्या सुमारास आला. मराठीत त्याला उत्प्रेरण म्हणतात.

खरा गुंता यीस्टचा आहे. पेरॉक्साइड फोडणं हा सगळ्याच विकरांचा, म्हणजे एंझाइमांचा, गुण आहे अशी समजूत एकोणिसाव्या शतकात बराच काळ होती. १९०१ च्या सुमारास हे काम एका स्वतंत्र विकराचं आहे असं दाखवलं गेलं आणि त्याला कॅटलेज नाव मिळालं. म्हणून ‘यीस्ट हा उत्प्रेरक’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. उत्प्रेरक आहे यीस्टच्या पेशीतलं कॅटलेज. तेच यीस्ट दहा मिनिटं उकळून, गार करून ओता: जवळपास काहीच होत नाही. उकळल्याने कॅटलेजची घडण मोडते. काळी पूड उकळली तरी तिचं काही बिघडत नाही.

फेस किती येणार, हे बाटलीवरच्या ‘२० व्हॉल्यूम’वरून कळतं. एक मिलीलिटर द्रावणातून वीस मिलीलिटर ऑक्सिजन, म्हणजे पन्नास मिलीलिटरमधून एक लिटर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब थोडा कमी, हवाही उबदार, त्यामुळे इथे लिटरभरापेक्षा थोडा जास्तच भरतो. साबण नसेल तर पुडीने तेवढाच वायू सुटतो, पण बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात. साबण त्यांच्याभोवती पातळ पापुद्रा धरतो, एवढंच त्याचं काम.

या विघटनात उष्णताही सुटते. २० व्हॉल्यूमचं द्रावण, म्हणजे सुमारे सहा टक्के, सगळी उष्णता आत राहिली तर चाळीसेक अंशांनी तापेल. त्याहून तीव्र द्रावणात यीस्ट वाटेतच निकामी होऊ शकतं आणि फेस मध्येच थांबतो. पूड थांबत नाही, वाफच उसळते, म्हणून तीस टक्क्यांची बाटली वर्गात आणूच नये.

दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करावेत असं माझं ठाम मत आहे. उसळी थांबल्यावर पूड गाळा, धुवा, वाळवा, वजन करा आणि तीच पुन्हा नव्या पेरॉक्साइडमध्ये टाका.