नचिकेताचे तीन ‘वर’ आणि वस्तऱ्याच्या धारेवरचा ‘वर’

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूला आम्ही चार-पाच जण संध्याकाळी बसतो, त्यात एक रिटायर्ड बाई आहेत, सगळे त्यांना काकू म्हणतात, त्यांनी परवा विचारलं की अहो, कठोपनिषदात नचिकेताला यमाने तीन वर दिले ना, मग ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत’ म्हणजे ‘उठा, जागे व्हा, वर मिळवा आणि समजून घ्या’ असंच ना? प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं, कारण हा गोंधळ बहुतेकांचा असतो आणि तो विचारायला माणूस नीट वाचणारा लागतो.

आधी गोष्ट. वाजश्रवसाने यज्ञात सगळं दान द्यायचं ठरवलं आणि दिल्या काय, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी. पोरगा बघत होता. त्याने बापाला विचारलं, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणाला, मृत्यूला देतो तुला. नचिकेत गेला, यम घरी नव्हता, तीन रात्री उपाशी बसला. यम आल्यावर म्हणाला, घरी आलेला अतिथी तीन रात्री उपाशी राहिला, तर एका रात्रीचा एक असे तीन वर माग. पहिल्या वरात त्याने बापाचा राग शांत व्हावा हे मागितलं, दुसऱ्यात स्वर्गाला नेणारा अग्नी समजून घेतला, आणि तिसरा हा की माणूस मेल्यावर काही जण म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, खरं काय ते सांग.

इथला ‘वर’ म्हणजे आपण रोज म्हणतो तोच, देवाने दिलेला वर. एका मुलाला, त्याच्या तीन रात्रींच्या हिशोबाने मिळालेला.

आता तो श्लोक. तो येतो पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीत, चौदावा. या अख्ख्या वल्लीत यम नचिकेताला नाव घेऊन एकदाही हाक मारत नाही. आणि क्रियापदं बघा, उत्तिष्ठत, जाग्रत, निबोधत, तिन्ही अनेकवचनी. समोर एकच पोरगा असेल तर ‘उत्तिष्ठ’ म्हटलं असतं. म्हणजे इथं बोलणं एका मुलाशी राहिलेलंच नाही, सगळ्यांना उद्देशून आहे. आणि या सगळ्यांना कोणी कुठं तीन वर दिलेत? तुम्हीआम्ही यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेलो नाही.

मग ‘वरान्’ म्हणजे काय? व्याकरणाने दोन्ही अर्थ बसतात, हीच तर अडचण. मूळ धातू ‘वृ’, निवडणे. निवडून मागितलेली गोष्ट म्हणजे वर, लग्नातला वरही तोच, आणि निवडक, श्रेष्ठ माणूस म्हणजेही वर, आपण ‘मुनिवर’ म्हणतो ना, तसं. शंकराचार्य भाष्यात सरळ सांगतात की इथं वर म्हणजे श्रेष्ठ आचार्य. त्यांच्यापाशी जा आणि समजून घ्या. जर्मन संस्कृत अभ्यासक मॅक्स म्यूलरने मात्र इंग्रजीत आणताना हे नचिकेताला मिळतात तसले वर असाच अर्थ घेतला होता, म्हणजे काकू एकट्या नाहीत. मला शंकराचार्यांचं पटतं, कारण पुढं लगेच ‘निबोधत’ आहे, आणि समजून घ्यायचं तर कोणाकडून तरी घ्यावं लागतं.

जिममध्ये, क्लासच्या भिंतीवर जे असतं, ‘उठा, जागे व्हा, ध्येय मिळेपर्यंत थांबू नका’, ते विवेकानंदांचं आहे आणि त्याची ताकद वेगळी आहे, पण श्लोकात ध्येय नाही आणि थांबू नका असंही नाही.

खरा गोंधळ त्याच श्लोकाच्या पुढच्या ओळीत आहे. ‘क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया दुर्गं पथस्तत्कवयो वदन्ति’. क्षुर म्हणजे वस्तरा, आपण क्षौर म्हणतो ते यातूनच आलं. निशिता म्हणजे परजलेली, दुरत्यया म्हणजे पार व्हायला कठीण. दुर्ग म्हणजे जिथं पोचणं अवघड, आणि कवी म्हणजे इथं कविता करणारे नव्हेत, जाणते लोक. म्हणजे ही वाट वस्तऱ्याच्या परजलेल्या धारेसारखी अवघड, आणि ही उपमासुद्धा ‘असं जाणते सांगतात’ म्हणून दिलीय. हे वाचून बहुतेक जण समजतात की वाट रक्तबंबाळ करणारी, तारेवरची कसरत, सुळावरची पोळी. पण शंकराचार्य कारण वेगळं देतात, जे जाणायचं ते फार सूक्ष्म आहे म्हणून वाट अवघड. दुखतं म्हणून अवघड नाही, बारीक आहे म्हणून अवघड.

आणि यमाने हे आधीच सांगून ठेवलंय. तिसरा वर मागितल्यावर तो पहिल्यांदा म्हणतो काय, तर देवांनाही यात शंका होती, हे सहज कळणारं नाही, ‘अणुरेष धर्मः’, ही गोष्ट अणूइतकी बारीक आहे, दुसरा वर माग. मग शंभर वर्षं जगणारी पोरं-नातवंडं, हत्ती, घोडे, सोनं, अप्सरा सगळं पुढं ठेवतो. नचिकेत म्हणतो, पैशाने माणसाचं समाधान होत नसतं, तुझे घोडे तुझ्याकडेच ठेव. गोष्टीतली अवघड जागा ही, सोडता येणं. श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, यातलं श्रेय उचलणं. श्लोकातली अवघड जागा दुसरी आहे, सोडून झाल्यावर दिसणं. सोडलं म्हणजे दिसलं असं होत नाही, म्हणून तर वर मिळालेल्या नचिकेतालाही यमाला पुढं इतकं बोलावं लागलं.

हे मला नीट कळलं ते आमच्या गल्लीतल्या जुन्या न्हाव्याकडं. आता सगळीकडं ब्लेड घालायचे वस्तरे, पण त्यांच्याकडं एक जुना आहे. आधी दगडावर लावतात, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडून ओढतात, धार पुढं करून ओढली तर पट्टाच कापला जातो. मग वस्तरा उजेडाकडं धरून धारेकडं बघतात. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, ‘जिथं चमकतंय तिथं बोथट हाय बघा, धार असली की दिसतच नाही.’ खरंच आहे, बोथट कडेला सपाटी असते, तिच्यावर उजेड परततो, परजलेल्या कडेला उजेड परतायला जागाच नसते.

मी घरी येऊन वल्ली परत उघडली. वस्तऱ्याच्या दोनच श्लोक आधी आहे, ‘गूढोऽऽत्मा न प्रकाशते’, सगळ्यांत लपलेला हा आत्मा चमकत नाही, तो दिसतो फक्त सूक्ष्म बुद्धीने, सूक्ष्म बघणाऱ्यांना. आणि वस्तऱ्याच्या लगेच पुढचा श्लोक, ज्याला शब्द नाही, स्पर्श नाही, रूप नाही. दोन्हीकडून सूक्ष्मच, मधे धार. न्हाव्याचं उदाहरण कुठल्या भाष्यातलं नाही, माझं आहे, पण श्लोक तिथंच का ठेवलाय हे मला त्यातून उमगलं.

काकूंना हे सगळं सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, म्हणजे नचिकेताला वर देणारा यम आणि आपण ज्याच्याकडं जायचं तो ‘वर’, नचिकेताच्या बाबतीत एकच की हो. मी म्हटलं, हो, नचिकेत स्वतःच यमाला म्हणतो, तुझ्यासारखा सांगणारा दुसरा मिळणार नाही, पहिल्या वल्लीत बाविसावा श्लोक काढा. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला.