पडद्यावरचे गुण आणि कपाटासमोरचे काम

स्किझोफ्रेनिया म्हटले की भास आणि संशय आठवतात. औषधांनी ते बऱ्याच जणांच्या बाबतीत आटोक्यात येतात. पण लक्ष टिकवणे, सांगितलेले ध्यानात ठेवणे, कामाचा क्रम लावणे यांतल्या अडचणी मागे उरतात, आणि त्यांच्यावर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, आणि हा गैरसमज रुग्णाला फार महागात पडतो. या अडचणींसाठी ‘कॉग्निटिव्ह रेमेडिएशन’ ही प्रशिक्षणाची पद्धत वापरतात.

ती समजून घ्यायची तर विसरण्याचे स्वरूप आधी पाहावे लागेल. बारा शब्दांची मिश्र यादी ऐकली, की बहुतेक लोक नकळत कपडे एकीकडे, अवजारे एकीकडे असे गट पाडतात आणि त्या आधारे शब्द आठवतात. स्किझोफ्रेनियात हे गट पाडणे सहसा आपोआप होत नाही. मात्र ‘गट पाडून पाहा’ असे सुचवले, तर अनेकांना ते जमते आणि अधिक शब्द आठवतात. क्षमता बऱ्याच अंशी शाबूत असते. ती वेळेवर वापरण्याचे सुचत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. २८ वर्षांचा एक तरुण ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करतो. वरिष्ठांनी तोंडी तीन कामे सांगितली, की तो एक करतो आणि उरलेली दोन त्याला आठवत नाहीत. आठवड्यातून दोनदा, एकेक तासाची त्याची सत्रे सुरू होतात. असा कार्यक्रम साधारणपणे काही महिने चालतो. सुरुवातीची दहा मिनिटे गेल्या वेळी घरी दिलेल्या सरावाविषयी बोलण्यात जातात. पुढचा अर्धा तास संगणकावर लक्ष आणि स्मरणशक्तीचे स्वाध्याय होतात. स्वाध्यायाची पातळी अशी ठेवतात, की दहापैकी सुमारे आठ उत्तरे बरोबर यावीत. सतत चुका होत राहिल्या तर माणूस प्रयत्न सोडतो आणि सगळेच सोपे गेले तर नवे काही शिकत नाही. प्रशिक्षक शेजारी बसून प्रत्येक स्वाध्यायाआधी विचारतो, ‘हे किती अवघड जाईल असे वाटते? कोणती युक्ती वापराल?’ स्वाध्याय संपल्यावर तो अंदाज आणि निकाल शेजारी ठेवून दोघे पाहतात. माझ्या मते सत्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण आपण विचार कसा करतो याकडे रुग्णाचे लक्ष इथेच पहिल्यांदा जाते. उरलेली वीस मिनिटे पडद्यापासून दूर, खऱ्या कामाच्या सरावासाठी असतात.

सहाव्या आठवड्यात हा तरुण यादीतले पाचऐवजी दहा शब्द सांगू लागतो. ग्रंथालयात मात्र परिस्थिती जैसे थे. असे वारंवार घडते, आणि केवळ पडद्यावरचे गुण मोजले तर ते कळतही नाही. प्रशिक्षक बारकाईने चौकशी करतो तेव्हा उलगडा होतो. पडद्यासमोर यादी संपल्यावर क्षणभर शांतता मिळते आणि त्या वेळात तो गट पाडून शब्द पुटपुटतो. ग्रंथालयात समोरच्याचे बोलणे संपताच तो कपाटाकडे चालू लागतो. युक्ती त्याला येते, पण ती वापरण्याची खूण तिथे नसते.

मग शेवटच्या वीस मिनिटांत प्रशिक्षक स्वतः वरिष्ठांची भूमिका घेतो. तीन कामे ऐकल्यावर तरुणाने जागचे हलायचे नाही. ‘थांबा, एकदा म्हणून पाहतो’ असे सांगून ती मोठ्याने परत म्हणायची, कुठले काम कुठल्या कपाटाजवळचे आहे हे जुळवायचे आणि मगच निघायचे. सुरुवातीला शांत खोलीत, नंतर शेजारी गप्पा चालू असताना, पुढे मध्येच कोणीतरी हाक मारल्यावर, असा सराव वाढत जातो. घरी दिलेले काम एवढेच, की ही पद्धत ग्रंथालयात दिवसातून एकदा वापरायची आणि सांगितलेल्यांपैकी किती कामे पूर्ण झाली हे खिशातल्या वहीत नोंदवायचे. त्याच्या संमतीने वरिष्ठांनाही कल्पना दिलेली असते, म्हणजे त्याच्या ‘थांबा’चा राग येत नाही.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात विचारक्षमतेत आणि दैनंदिन कामकाजात लहान ते मध्यम सुधारणा आढळली. प्रशिक्षित व्यक्ती सोबत असणे, युक्त्या पद्धतशीरपणे शिकवणे आणि पुनर्वसनाच्या इतर प्रयत्नांशी सांगड घालणे, यांमुळे फायदा वाढत होता. नुसता संगणक देऊन रुग्णाला एकटे बसवले तर या तिन्ही गोष्टी निसटतात.

प्रगती अडली, की औषधांची यादीही डॉक्टरांसोबत तपासावी. हातापायांची थरथर किंवा ताठरपणा कमी करण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्या स्मरणशक्ती मंदावू शकतात. त्या स्वतःहून बंद करू नयेत. मात्र डॉक्टरांना मात्रा कमी करता आली, तर तोच सराव सोपा जाऊ शकतो.

त्या तरुणाच्या वहीत पहिल्या आठवड्यात तीनपैकी एक, असे आकडे होते. बाराव्या आठवड्यात बहुतेक दिवशी तीनपैकी तीन दिसतात. ज्या दिवशी एकच काम झाले, त्या दिवसासमोर त्याने स्वतःच लिहिले आहे : ‘परत म्हटले नाही.’