केक झाकण्यासाठी लागणारे फॉन्डंट व मार्झिपान

केकवर चढवायच्या फॉन्डंटचे (लाटता येणारा साखरेचा मऊ गोळा) किंवा मार्झिपानचे (बदाम व साखरेचा गोळा) वजन केकचा व्यास, उंची आणि थराची जाडी यांवरून ठरते. केकच्या वजनावरून ते काढता येत नाही. आपल्याकडे केकची मागणी किलोवर होते, पण एक किलोचा केक पसरट आहे की उभा, हे त्या आकड्यावरून कळत नाही आणि हिशेब सगळा त्यावरच अवलंबून असतो.

गोल केक एकाच अखंड पोळीने झाकायचा असेल, तर पोळी एका बाजूच्या तळापासून वर चढते, माथा ओलांडते आणि दुसऱ्या बाजूने तळापर्यंत उतरते. म्हणून पोळीचा व्यास = केकचा व्यास + २ × उंची. त्यात कापून टाकायच्या कडेसाठी दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ५ सेंमी. धरतात. मापे घ्यायची ती गनाश किंवा बटरक्रीमचा थर देऊन, तो थंड व घट्ट झाल्यावर. भांड्याच्या मापावर विसंबू नये, कारण थर दिल्यावर केकचा व्यास आणि उंची दोन्ही बदलतात.

उदाहरण म्हणून थरासह २० सेंमी. (साधारण ८ इंच) व्यासाचा आणि १० सेंमी. उंचीचा केक घेऊ. पोळीचा व्यास २० + २० + ५ = ४५ सेंमी. येतो. त्रिज्या २२.५ सेंमी., म्हणून क्षेत्रफळ ३.१४ × २२.५ × २२.५, म्हणजे जवळजवळ १,५९० चौ.सेंमी. आता याचे वजन किती, हे जाडीवर ठरते. त्यासाठी सर्वांत भरवशाची रीत म्हणजे हातातले फॉन्डंट ठरलेल्या जाडीचे लाटून त्यातून १० × १० सेंमी.चा चौरस कापावा आणि तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. ४ मिमी. जाडीचा चौरस साधारण ५५ ग्रॅम भरतो. फॉन्डंट घरचे की विकतचे, किती मळलेले, यावर त्यात थोडा फरक पडतो आणि तो फरक या चौरसात आपोआप मोजला जातो. १,५९० चौ.सेंमी. म्हणजे असे १५.९ चौरस, म्हणून १५.९ × ५५ = सुमारे ८७५ ग्रॅम. हाताशी ९०० ग्रॅम असावे. तीच पोळी ३ मिमी. जाडीची लाटली तर ६५० ग्रॅमच्या आसपास पुरते. अमेरिकेत रूढ असलेल्या विल्टनच्या तक्त्यात ८ इंच व्यास आणि ४ इंच उंचीच्या गोल केकसाठी २४ औंस, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम दिले आहेत. ते या पातळ थराशी जुळते. वेगवेगळ्या तक्त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते: प्रत्येकाने जाडी आणि उंची वेगळी धरलेली असते. तक्ता वापरायचाच असेल, तर या दोन गोष्टी त्यात लिहिल्या आहेत का, ते आधी पाहावे.

लाटलेले सगळे फॉन्डंट केकवर राहत नाही. वरील केकचा माथा ३१४ आणि बाजू ६२८, मिळून ९४२ चौ.सेंमी. होतात, त्यावर ४ मिमी.चा थर सुमारे ५२० ग्रॅमचा. उरलेले साडेतीनशे ग्रॅम कातरणात जाते. त्यातले निम्मे कडेसाठी जादा धरलेल्या पट्ट्याचे असते. बाकीचे निम्मे भूमितीमुळे येते: सपाट वर्तुळ उभ्या बाजूवर उतरवले की केकच्या उंचीएवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाइतके क्षेत्रफळ जास्त होते. हे जादा क्षेत्र व्यासावर मुळीच अवलंबून नसते, फक्त उंचीवर असते. तेच तळाशी चुण्यांच्या रूपाने दिसते. मोदकाच्या पारीला मुद्दाम कळ्या पाडतात. इथे त्याच कळ्या एकेक उलगडून, तळहाताने खाली सरकवत सपाट कराव्या लागतात.

त्यामुळे उंच केक फार फॉन्डंट खातो. १५ सेंमी. व्यासाचा व १५ सेंमी. उंचीचा केक आणि २० सेंमी. व्यासाचा व साडेआठ सेंमी. उंचीचा केक, यांत खाण्याचा ऐवज जवळजवळ सारखाच असतो. ४ मिमी.च्या अखंड पोळीसाठी पसरट केकला सुमारे ७६० ग्रॅम लागते, उभ्याला मात्र १,०८० ग्रॅम. शिवाय उभ्या केकवर पोळीचा घेर स्वतःच्या वजनाने खाली ओढतो आणि वरच्या काठावर ताण येऊन ती तिथेच फाटते. अशा केकसाठी माथ्याची चकती आणि बाजूची पट्टी वेगळी कापणेच श्रेयस्कर. माथा आणि बाजू मिळून ८८४ चौ.सेंमी., त्याचे ४८६ ग्रॅम. कातरणासाठी पाचवा हिस्सा वाढवला तरी ५८० ग्रॅममध्ये काम होते. त्याची किंमत म्हणजे मागच्या बाजूला दिसणारा सांधा.

चौकोनी केकला हेच सूत्र बाजूच्या लांबीसाठी लावतात. पोळीही चौकोनी होत असल्याने सारख्या मापाच्या गोल केकपेक्षा सुमारे सव्वापट फॉन्डंट लागते.

मार्झिपानचा खरा संबंध ब्रिटिश पद्धतीच्या सुक्या मेव्याच्या फळकेकशी आहे. त्यावर आधी मार्झिपान, मग साखरेचा थर अशी रीत आहे. मार्झिपानचा थर साधारण ५ मिमी. ठेवतात, कारण त्याने केकमधला ओलावा व तपकिरी रंग वरच्या पांढऱ्या थरात झिरपू द्यायचा नसतो. कडा काटकोनी हव्या असतील तर इथेही चकती आणि पट्टी वेगळी कापतात. जर्दाळूचा गरम जॅम लावून केक चकतीवर उपडा ठेवतात. बाजूचे माप दोऱ्याने घेऊन तेवढी पट्टी दोन तुकड्यांत लावतात. २० सेंमी. व्यासाच्या आणि साडेसात सेंमी. उंचीच्या फळकेकसाठी ७८५ चौ.सेंमी. झाकायचे असते. मार्झिपान फॉन्डंटपेक्षा थोडे हलके असते, ५ मिमी.चा चौरस ६२ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणून ४९० ग्रॅम आणि कातरण धरून ६०० ग्रॅम. केकमधले खड्डे मार्झिपानच्या गोळ्यांनी बुजवायचे असल्यास त्यासाठी वेगळे काढून ठेवावे. लाटताना खाली पिठीसाखर भुरभुरावी. कॉर्नफ्लोअर मार्झिपानखाली राहिले तर आंबण्याची भीती असते.

प्रमाण चुकले की ते केकवर दिसते. पोळी कमी पडते आहे असे दिसताच ती आणखी लाटण्याचा मोह होतो. मग वरच्या काठाशी गनाश गडद छटेने डोकावते, कारण थर सर्वांत पातळ तिथेच होतो. जाडी बरोबर उतरली का, हे तळाशी कापलेल्या काठावरून कळते. ४ मिमी. लाटलेल्या पोळीचा काठ तळाशी ६ मिमी. दिसत असेल, तर चुण्या उलगडण्याऐवजी दाबल्या गेल्या आहेत आणि फॉन्डंट तिथे साचले आहे. रंगीत फॉन्डंट मात्र हिशेबापेक्षा दहाएक टक्के जास्तच रंगवावे, कारण दुसऱ्या खेपेला तीच छटा सहसा येत नाही. स्वच्छ कातरण लगेच मळून हवाबंद ठेवले तर पुन्हा वापरता येते. क्रीम लागलेले किंवा वरून सुकलेले कातरण मिसळले तर पुढच्या पोळीत खडे येतात, म्हणून ते हिशेबात धरू नये.

गोव्यात नाताळला होणारे मार्झिपान बहुधा बदामाऐवजी काजूचे असते आणि ते मुख्यतः साच्यांत घालून मिठाईसारखे केले जाते. त्याची पोळी लाटून केक झाकायचा असेल, तर बदामाच्या मार्झिपानचा आकडा न वापरता त्याच गोळ्याचा १० × १० सेंमी.चा चौरस नव्याने तोलावा.