बोलण्यापुरतं इंग्रजी: आधी कोणते शब्द घ्यायचे?

आमच्या संभाषणवर्गात शब्दांचा क्रम आम्ही वारंवारतेच्या यादीवरून ठरवतो. भरपूर मजकूर घेऊन त्यात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजलेलं असतं; जास्त वेळा येणारा शब्द आधी शिकायचा. अशा याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यामुळे घरी अभ्यास करतानाही त्या वापरता येतील. फक्त यादी कशावरून बनली आहे, हे आधी बघा.

मायकेल वेस्ट यांची १९५३ सालची सुमारे २,००० शब्दांची यादी अजूनही अनेकजण वापरतात, पण ती लेखी मजकुरावर आधारलेली आहे. बोलण्यासाठी आम्ही चित्रपट आणि मालिकांच्या सबटायटल्सवरून केलेली SUBTLEX-US ही यादी सुचवतो. त्यात सुमारे ५ कोटी १० लाख शब्द मोजले आहेत. हातातली यादी लेखी आहे की बोली, हे पटकन ओळखायचं असेल तर ‘सॉरी’ आणि ‘गव्हर्नमेंट’ शोधा. ‘गव्हर्नमेंट’ बरंच वर असेल, तर ती यादी गप्पांच्या कामाची नाही. अर्थात सबटायटल्सचाही स्वतःचा कल असतो: ‘किल’ आणि ‘गन’ तिथे वाजवीपेक्षा वर येतात. ते बिनधास्त मागे ढकला.

पहिले हजार शब्द घ्या आणि ज्याचं वाक्य न अडखळता बोलता येतं, तेवढेच खोडा. नुसता अर्थ माहीत असणं पुरेसं नाही. ‘गेट’चंच पाहा. यादीत तो अगदी वर असतो आणि ‘मिळणं’ हा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. पण बोलताना तो ‘गेट अप’, ‘गेट बॅक’, ‘गेट टायर्ड’, ‘आय गेट इट’ अशा जोड्यांत येतो. यादी या सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा दाखवते. म्हणून असा शब्द एका दिवसात उरकू नका. आठवडाभर रोज एक जोडी घ्या आणि तिची स्वतःबद्दलची दोन वाक्यं मोठ्याने बोला.

यादीची एक मोठी उणीवही आहे. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज गुगेनहाइम आणि सहकाऱ्यांनी लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून शब्द मोजले, तेव्हा काटा-चमच्यातल्या काट्यासारखे साधे शब्द क्वचितच सापडले. असे शब्द विषय निघाला तरच तोंडात येतात. मग त्यांनी शाळकरी मुलांना स्वयंपाकघर, कपडे, शरीर असे विषय देऊन आठवतील ते शब्द लिहायला सांगितले आणि यादी पूर्ण केली. तुम्हीही तसंच करा: दिवसभरात ज्यांच्याबद्दल बोलावं लागतं असे पाच-सहा विषय घ्या आणि प्रत्येकाचे वीसेक शब्द मातृभाषेत लिहा. वारांची नावं किंवा आकडे यांसारखे संच मात्र सलग शिका. ‘ट्यूझडे’ यादीत ‘संडे’पेक्षा खाली आहे म्हणून तो मागे ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्या तासाला खोडाखोड केलेली यादी आणि हे विषयवार कागद घेऊन या. तुमचा पुढचा क्रम त्यावरूनच लावून देऊ.