चकाकणाऱ्या धातूचं तापमान मोबाइलच्या थर्मल कॅमेऱ्यानं कसं घ्यावं

आमच्याकडून थर्मल कॅमेऱ्याची अटॅचमेंट घेणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असा असतो: भिंत, लाकूड, हात यांचे आकडे बरोबर येतात, मग स्टीलचं भांडं किंवा इलेक्ट्रिकल पॅनलमधला लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड, चुकीचा का दाखवतो? कॅमेरा बिघडलेला नसतो. तो तापमान थेट मोजतच नाही. पृष्ठभागाकडून येणारी उष्णतेची अदृश्य किरणं मोजतो आणि त्यावरून ॲप तापमानाचा हिशोब करतं.

पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती मोकळेपणानं बाहेर टाकतो, ते सांगणाऱ्या आकड्याला एमिसिव्हिटी म्हणतात. रंग, रबर, कागद, त्वचा यांची एमिसिव्हिटी 0.90 ते 0.98 असते, आणि रंग पांढरा असो की काळा, फारसा फरक पडत नाही. चकचकीत स्टीलची मात्र 0.15 च्या आसपास, तर घासलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमची 0.1 किंवा त्याहूनही कमी. उरलेला भाग परावर्तनाचा असतो. म्हणजे 0.15 वाल्या भांड्याकडून येणाऱ्या किरणांमध्ये भांड्याचा वाटा थोडा आणि भिंतींचा, छताचा, तुमच्या स्वतःच्या अंगाचा जास्त.

घरी करून बघा. स्टीलच्या पातेल्यात 70 अंशांचं पाणी घ्या आणि पातेलं बाहेरून कोरडं पुसा. बाजूला 3 सेंटीमीटरचा काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा बुडबुडा न ठेवता चिकटवा आणि दोन मिनिटं थांबा. ॲपमध्ये एमिसिव्हिटी 0.95 असू द्या. काही ॲपमध्ये आकड्याऐवजी ‘मॅट’ असा पर्याय असतो. खोली 35 अंशांची असेल तर टेपवर 70 च्या जवळचा आकडा येईल आणि शेजारच्या उघड्या स्टीलवर 41-42. दोन्ही जागा तितक्याच गरम आहेत. गॅसवर काळं पडलेलं बूड असेल तर तेही टेपसारखंच खरं बोलतं.

मग ॲपमध्ये एमिसिव्हिटीच 0.15 करून टाकली तर? मोह होतो, पण करू नका. याच पातेल्यासाठी 0.20 टाकलं तर 62 दिसेल आणि 0.12 टाकलं तर 77. अंदाज एवढासा चुकला की 15 अंशांचा फरक, आणि स्टीलचा नेमका आकडा घासण्यावर, ओरखड्यांवर, तेलकटपणावर बदलत राहतो. टेप लावणं केव्हाही बरं.

इलेक्ट्रिशियन मंडळींसाठी हीच गोष्ट पॅनलमध्ये महागात पडते. समजा आर, वाय, बी तिन्ही फेजवर सारखा लोड आहे, पॅनलच्या आत 42 अंश आहेत आणि बी फेजचा चकचकीत लग सैल झालाय. खरी तापमानं 52, 54 आणि 81. उघड्या लगवर कॅमेरा साधारण 43, 43 आणि 47 दाखवेल. चार अंशांचा फरक पाहून कोणीही ‘ठीक आहे’ म्हणून झाकण लावेल, आणि लग जळून जाईल.

टेप सप्लाय बंद करून, टेस्टरनं खात्री केल्यावरच लावा, तेही लायसन्सधारक माणसानं. तिन्ही लगवर सारखे तुकडे लावा, सप्लाय सुरू करा, लोड तासभर चालू द्या, मग सुरक्षित अंतरावरून बघा. साधी पीव्हीसी टेप 80 अंशांच्या आसपास सैल पडायला लागते. त्याहून गरम जागी उष्णता सहन करणाऱ्या मॅट रंगाचा ठिपका द्या. सप्लाय बंद करणं शक्यच नसेल तर लगला लागून असलेल्या केबलच्या इन्सुलेशनवर नेम धरा. ते लगपेक्षा थोडं थंड असतं, पण तीन फेजमधली तफावत तिथे स्पष्ट दिसते.

अंतराचंही भान ठेवा. 160×120 पिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक मीटरवर एक पिक्सेल जवळपास 6 मिलिमीटर व्यापतो, आणि भरवशाच्या आकड्यासाठी लक्ष्यावर निदान 3×3 पिक्सेल बसायला हवेत. म्हणून टेपचा तुकडा 2 सेंटीमीटरहून लहान नको.

गरम ठिपका खरा की प्रतिबिंब, हे ओळखायला एक पाऊल बाजूला सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब आहे. मे महिन्यात गच्चीवरचा नवा पत्रा हात ठेववत नाही इतका तापलेला असूनही कॅमेऱ्यात गारेगार दिसतो, कारण त्यात निरभ्र आकाश दिसत असतं आणि कॅमेऱ्याच्या लेखी आकाश फार थंड असतं. असा पत्रा तपासायचा असेल तर त्यावर टेपची पट्टी लावा.