एकही दिवस भारतात न येता भारताचा रहिवासी: आखातातल्या नोकरदाराच्या कर-स्टेटसची पार्श्वभूमी

१ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पानंतर दुबई, अबुधाबी, मस्कत इथल्या मराठी, कोकणी आणि मल्याळी घरांत एकच धास्ती पसरली. वित्त विधेयकातल्या एका नव्या पोटकलमात म्हटलं होतं की जो भारतीय नागरिक इतर कुठल्याही देशात कर भरायला बांधील नाही, तो भारताचा रहिवासी मानला जाईल. आखातात पगारावर कर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो हेही माहीत आहे. त्यामुळे रत्नागिरीहून, गोव्याहून तिकडे गेलेल्या माणसाने सरळ हिशेब मांडला की आता दिरहमातल्या पगारावर इथे कर. दुसऱ्याच दिवशी सरकारला खुलासा काढावा लागला की प्रामाणिकपणे बाहेर नोकरी करणाऱ्यांना यात ओढायचा हेतू नाही.

मार्चमध्ये विधेयक संमत होताना ते पोटकलम बरंच मवाळ झालं, पण गेलं नाही. ते समजून घ्यायचं तर आधीचा रस्ता थोडा पाहावा लागतो.

भारतात करासाठी रहिवासी कोण हे मुळात नागरिकत्वावर ठरत नाही, दिवसांवर ठरतं. १९२२ च्या कायद्यात १९३९ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून ही मोजणी आणि 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' हा मधला वर्ग, दोन्ही आहेत. तेव्हा एक कसोटी घराची होती. इथे राहतं घर ठेवलं असेल आणि माणूस वर्षात काही काळ इथे येऊन गेला असेल, तर तो रहिवासी. गावाकडे घर चालू ठेवून बोटीवर किंवा आखातात गेलेल्या माणसाला ही कसोटी फार जाचक होती. १९८२ च्या वित्त कायद्याने ती काढली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुट्टीवर येणाऱ्या अनिवासी नागरिकाची मर्यादा वाढत वाढत १८२ दिवसांवर आली. म्हणजे वर्षात १८१ दिवस इथे राहा, स्टेटस अनिवासीच. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षापुरती हीच सवलत आहे. पुढे एका उच्च न्यायालयाने त्यात स्वतःचा धंदा करायला गेलेलाही धरला. आखातातल्या दोन पिढ्यांनी सुट्टीचं नियोजन केलं ते याच १८२ च्या आकड्यावर.

दुसरा धागा करारांचा. दोन देश एकाच उत्पन्नावर हक्क सांगतात तेव्हा कोणी किती घ्यायचं हे करार ठरवतो. पण करारात शिरायचं तर आधी दोनपैकी एका देशाचा 'रहिवासी' असावं लागतं, आणि त्याची व्याख्या म्हणजे त्या देशाच्या कायद्याने वास्तव्यामुळे कर भरण्यास बांधील असलेली व्यक्ती. सगळा गुंता या 'बांधील' शब्दात आहे, आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा करार १९९३ पासून लागू झाला. त्या देशात व्यक्तीला उत्पन्नावर करच नाही. मग तिथला माणूस कशाला बांधील आहे, आणि बांधील नसेल तर कराराचा लाभ कसा मागतो? परदेशस्थांना आगाऊ निर्णय देणाऱ्या मंचाने नव्वदच्या दशकात एका अर्जदाराला लाभ दिला. त्या देशाला कर लावायचा हक्क आहे, त्याने तो वापरला नाही इतकंच, हा त्यामागचा विचार. १९९९ मध्ये त्याच मंचाने दुसऱ्या अर्जदाराला नेमकं उलट सांगितलं: कर नाही तर दुहेरी कर नाही, आणि दुहेरी कर नाही तर करार कशासाठी? एकाच करारावर, एकाच देशात राहणाऱ्या दोन माणसांना दोन उत्तरं मिळाली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॉरिशसशी असलेल्या कराराच्या प्रकरणात पहिला विचार उचलून धरला. कर भरण्यास बांधील असणं वेगळं आणि प्रत्यक्ष कर भरणं वेगळं. करार प्रत्यक्ष दुहेरी कराइतकाच संभाव्य दुहेरी करही टाळतो. माझ्या मते हाच निर्णय बरोबर होता, कारण करार हा दोन देशांमधला वाटपाचा सौदा आहे. समोरच्याने आपला वाटा सोडला म्हणून तो आपोआप आपला होत नाही.

२००७ मध्ये अमिरातीच्या कराराची दुरुस्ती झाली आणि व्यक्तीपुरता वाद मिटला. जो माणूस कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस तिथे असतो तो करारासाठी तिथला रहिवासी. करार आहे की नाही हा प्रश्न नोकरदाराला त्यानंतर फारसा पडला नाही.

आता पुन्हा २०२० कडे. सरकारचा रोख पगारदारावर नव्हता, तो अनेक देशांत दिवस वाटून घेऊन कुठेच रहिवासी न होणाऱ्या श्रीमंत माणसावर होता. पण शब्द लिहिले गेले सगळ्यांसाठी, आणि पहिला धसका बसला तो ज्याने असलं काही केलं नव्हतं त्याला. अंतिम कायद्यात तीन गोष्टी आल्या. परदेशी उत्पन्न वगळून एकूण उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तरच हे कलम लागतं. असा मानीव रहिवासी नेहमी 'सामान्यतः रहिवासी नसलेला', म्हणजे सीए लोकांच्या भाषेत आरएनओआर, राहतो. आणि सुट्टीवर येणाऱ्या ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्यांना १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागते, अर्थात आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे झाले असतील तर. २०२१ मध्ये 'कर भरण्यास बांधील' याची व्याख्याही कायद्यात आली: त्या देशाच्या कायद्याखाली त्या व्यक्तीवर आयकराचं दायित्व हवं, दायित्व असून नंतर सूट मिळाली असेल तरी चालेल. अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर मुळात दायित्वच नाही. करारात २००३ ने जो दरवाजा उघडा ठेवला होता, तो देशी कायद्यात असा बंद झाला.

याचा अर्थ हिशेब करून पाहू. चिपळूणचा एक माणूस अबुधाबीत प्रकल्प व्यवस्थापक आहे. बायको-मुलं तिथेच. ठाण्यात वडिलोपार्जित दोन गाळे आहेत, त्यांचं वर्षाचं भाडं २० लाख. एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातलं उत्पन्न जमा होणाऱ्या खात्यातल्या, ठेवींवर व्याज ४ लाख. गणपतीला आणि मे महिन्यात मिळून तो ४० दिवस इथे येतो. पूर्वी त्याने तारखांकडे पाहिलंही नसतं. आता आधी १५ लाखांची रेषा पाहायची. ही रेषा ढोबळ रकमेवर नाही, वजावटीनंतरच्या एकूण उत्पन्नावर आहे. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १४ लाख उरतात (पालिकेचा कर त्याआधी वजा होतो, तो सोपेपणासाठी सोडून देऊ). त्यात ४ लाख व्याज मिळवलं की १८ लाख. रेषा ओलांडली. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या, खात्याचं करमुक्त व्याज यात धरायचं नाही. अमिरातीत आयकराचं दायित्व नाही. म्हणजे तो मानीव रहिवासी झाला, आणि ४० दिवसांऐवजी एकही दिवस आला नसता तरी झाला असता. जुन्या घराच्या कसोटीलासुद्धा माणसाचं पाऊल इथे पडावं लागत होतं. ते बंधन सुटलं ही या बदलातली खरी नवी गोष्ट आहे. १२० दिवसांवर चर्चा फार झाली, पण १५ लाखांची रेषा ओलांडलेल्या आखाती नोकरदाराला १८२ च्या आतले दिवस मोजून फरक पडत नाही.

मग त्याचं नुकसान काय? पगारावर काहीच नाही. आरएनओआरचं परदेशी उत्पन्न इथे करपात्र होतं ते फक्त भारतातून चालवलेल्या धंद्याचं किंवा इथे उभारलेल्या व्यवसायाचं असेल तर. एनआरई ठेवीचं व्याजही करमुक्त राहतं, कारण ती सूट परकीय चलन कायद्यातल्या वास्तव्यावर अवलंबून आहे आणि तो कायदा वेगळा आहे. फरक पडू शकतो तो एनआरओच्या ४ लाखांवर. अनिवासी म्हणून बँक त्यावर ३० टक्के टीडीएस कापते, सेस वेगळा. अमिरातीच्या करारात व्याजाची कमाल १२.५ टक्के आहे. म्हणजे १ लाख २० हजारांऐवजी ५० हजार. यासाठी अमिरातीचा वास्तव्य दाखला, म्हणजे टीआरसी, आणि पोर्टलवर भरलेला ठरावीक फॉर्म बँकेला द्यावा लागतो. ते दिले नाहीत तर जादा कापलेली रक्कम रिटर्न भरून परत मागत बसावं लागतं.

इथे कर विभाग म्हणू शकतो की तुम्ही भारताचे रहिवासी, तर करारात अनिवासी म्हणून कसे येता? त्याचं उत्तर करारातच आहे. दोन्ही देश रहिवासी म्हणत असतील तर क्रमाने पाहायचं: कायमचं घर कुठे, मग कुटुंब आणि कमाईची नाळ कुठे, मग नेहमीचा मुक्काम कुठे, मग नागरिकत्व. चिपळूणला घर आहे आणि अबुधाबीतही भाड्याचं आहे, म्हणून पहिल्या पायरीवर निकाल लागत नाही. दुसऱ्या पायरीवर नोकरी, बायको, मुलांची शाळा सगळं अबुधाबीत निघतं. ठाण्याचे गाळे दुसऱ्या पारड्यात पडतात, पण भारी ठरत नाहीत. त्याच माणसाचं कुटुंब चिपळूणला असतं तर हे उत्तर इतकं सोपं राहिलं नसतं, आणि आखातात एकट्याने राहणारे अनेकजण नेमके त्याच जागी आहेत. त्यांनी भाडेकरार, एमिरेट्स आयडी, पासपोर्टावरचे शिक्के जपून ठेवणं फार गरजेचं आहे.

जिथे कर खरोखर दोनदा लागतो तिथे करार वेगळ्या रीतीने चालतो. समजा पुण्याची एक अभियंता नोकरीसाठी जर्मनीला निघाली. १ एप्रिलपासून मोजत २८ सप्टेंबरला निघाली तर जाण्याचा दिवस धरून १८१ दिवस भरतात आणि ती त्या वर्षापुरती अनिवासी. २९ तारखेला निघाली तर १८२, आणि पुढच्या मार्चपर्यंतचा जर्मन पगारही भारताच्या रिटर्नमध्ये येतो. एका दिवसाने एवढा फरक पडतो, म्हणून विमानाची तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर पाहायला हवं. तरी दोनदा कर भरावा लागत नाही. जर्मनीत कर भरल्याचा पुरावा जोडून ठरावीक फॉर्म भरला की भारत श्रेय देतो, पण दोन करांपैकी जो कमी तेवढंच. त्या पगारावर जर्मन कर ९ लाख आणि भारतीय कर साडेसात लाख असेल तर श्रेय साडेसात लाखांचं. उरलेले दीड लाख कोणी परत करत नाही. जर्मन पगारपत्रकातली सामाजिक विम्याची मोठी कपात हा आयकर नाही, तिचं श्रेय मागितलं तर हिशेब चुकतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली आहे. भाषा सोपी झाली, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. वास्तव्याच्या कसोट्या मात्र १२० दिवस, १५ लाखांची रेषा आणि मानीव रहिवासी यांच्यासकट तशाच पुढे आल्या.